कोपऱ्यातला एक टक्का: दोन क्युबिटच्या मिश्र अवस्थेत एन्टँगलमेंट शोधताना

हे प्रकरण ठाण्यातल्या एका कॉलेजच्या एमएस्सी प्रोजेक्टचं आहे. विद्यार्थिनी, तिच्या गाइड मॅडम आणि परीक्षक यांची ओळख पुसली आहे, आकडे दोन-तीन दशांशांपर्यंत आणले आहेत. मी त्यात सह-मार्गदर्शक होतो.

पार्श्वभूमी

प्रोजेक्टचा विषय साधा होता. क्लाउडवरून वापरता येणाऱ्या एका सुपरकंडक्टिंग यंत्रावर दोन क्युबिट घ्यायचे, त्यांना |Ψ+⟩ = (|01⟩ + |10⟩)/√2 या बेल अवस्थेत आणायचं, मग थोडा वेळ काहीही न करता थांबायचं आणि नंतर टोमोग्राफी करायची, म्हणजे वेगवेगळ्या मोजण्यांवरून अवस्थेची पूर्ण डेन्सिटी मॅट्रिक्स ρ काढायची. थांबण्याचा वेळ वाढवत नेला की एन्टँगलमेंट कसं ओसरतं, याचा आलेख हवा होता.

थांबल्यावर काय होतं हे ठाऊक असतं. प्रत्येक क्युबिट आपली ऊर्जा सोडून |0⟩ कडे घसरतो, त्याचा कालावधी म्हणजे T1. दोन्ही क्युबिटचा T1 सारखा धरला आणि दुसरा कुठलाही त्रास नाही असं मानलं, तर अवस्था p|Ψ+⟩⟨Ψ+| + (1−p)|00⟩⟨00| अशी मिश्र होते आणि p = e^(−t/T1). सगळ्यात लांबच्या थांब्याला p जेमतेम ०.४ उरला होता. शिवाय फेज बिघडत जाते ती वेगळीच.

विद्यार्थिनी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाण्याला यायची. गाडीत लॅपटॉप उघडायला जागा मिळेल त्या दिवशी हिशोब, नाही तर वही. या लांबच्या थांब्याचं प्रकरण तिने वहीतच आधी निकालात काढलं होतं: "इथे एन्टँगलमेंट संपलेलं आहे."

अडचण

तिच्याकडे एक नाही, तीन पुरावे होते. बेल अवस्थेशी फिडेलिटी ०.३१ आली होती, म्हणजे अर्ध्याच्या बरीच खाली. सीएचएसएच या बेल असमानतेतल्या राशीचं सगळ्यात मोठं शक्य मूल्य टोमोग्राफीवरून काढलं तर ०.६४, आणि असमानता मोडायला २ च्या वर जावं लागतं. तिसरं, निगेटिव्हिटी शून्य.

पहिल्या दोन पुराव्यांत तसा दम नव्हता. फिडेलिटी अर्ध्याच्या वर गेली तर एन्टँगलमेंट नक्की आहे, पण ती अर्ध्याच्या खाली असली म्हणून एन्टँगलमेंट नाही असं ठरत नाही. सीएचएसएचचंही तेच. वर्नरने १९८९ मध्ये मांडलेल्या अवस्थांमध्ये हे नेमकं दिसतं: सिंगलेटचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला की अवस्था एन्टँगल्ड असते, पण सीएचएसएच मोडायला तो वाटा ०.७०७ च्या वर लागतो. मधला सगळा पट्टा सीएचएसएचच्या नजरेतून सुटतो.

आपल्या अवस्थेत तर हे आणखी ठळक आहे. फक्त |Ψ+⟩ आणि |00⟩ यांचं मिश्रण p शून्याहून किंचितही जास्त असलं तरी एन्टँगल्डच असतं, मग p ०.४ असो की ०.०४. फिडेलिटी मात्र फक्त p एवढीच येते. त्यामुळे इथे फिडेलिटीवरून "नाही" म्हणणं मुळातच गैर होतं.

तिसरा पुरावा मात्र खरा वजनदार. पार्शल ट्रान्सपोजची कसोटी दोन क्युबिटसाठी दोन्ही बाजूंनी चालते. कारण असं: अवस्था विभक्त, म्हणजे एन्टँगल्ड नसलेली, असेल तर ती a ⊗ b अशा गुणाकारांची भारित बेरीज असते. त्यातल्या फक्त b चं ट्रान्सपोज केलं तरी b ही वैध डेन्सिटी मॅट्रिक्सच राहते, म्हणून पूर्ण मॅट्रिक्सची एकही आयगेनव्हॅल्यू ऋण होत नाही. ऋण आली तर अवस्था विभक्त असूच शकत नाही. हे पेरेस यांनी १९९६ मध्ये दाखवलं. त्याच वर्षी होरोडेकी कुटुंबातल्या तिघांनी उलट बाजू सिद्ध केली: २×२ आणि २×३ मध्ये एकही आयगेनव्हॅल्यू ऋण नसेल तर अवस्था विभक्तच. निगेटिव्हिटी म्हणजे त्या ऋण आयगेनव्हॅल्यूंच्या मापांची बेरीज. दोन क्युबिटमध्ये ऋण आयगेनव्हॅल्यू एकच येऊ शकते आणि ती −०.५ च्या खाली जात नाही. काही लेखक याची दुप्पट निगेटिव्हिटी म्हणून देतात. दुसऱ्यांच्या आकड्यांशी ताडण्याआधी ते पाहून घ्यावं.

म्हणजे निगेटिव्हिटी खरोखर शून्य असती तर विषय संपला होता. मॅडमनी मला आयगेनव्हॅल्यूंची यादी पाठवली: ०.५७६, ०.३१४, ०.०८६, ०.०२४. मला यादी ओळखीची वाटली. मूळ ρ च्या आयगेनव्हॅल्यूही याच होत्या.

पार्शल ट्रान्सपोजनंतर चारही आयगेनव्हॅल्यू जशाच्या तशा राहिल्या तर पहिला संशय कोडवर घ्यावा. इथे अर्धवट नव्हे, पूर्ण ट्रान्सपोज झालं होतं. `transpose(2, 3, 0, 1)` असं लिहिलेलं होतं. पूर्ण ट्रान्सपोजने आयगेनव्हॅल्यू बदलतच नाहीत, त्यामुळे निगेटिव्हिटी कुठल्याही अवस्थेला शून्यच येणार. बरोबर रूप असं:

```python
def lambda_min(rho):
    r = rho.reshape(2, 2, 2, 2)
    pt = r.transpose(0, 3, 2, 1).reshape(4, 4)
    return np.linalg.eigvalsh(pt)[0]
```

बेल अवस्था टाकली की −०.५ यायला हवं. वर्नर अवस्थेला, p हा सिंगलेटचा वाटा धरून, (1−3p)/4 यायला हवं, म्हणजे p = 1/3 ला बरोबर शून्य. या दोन तपासण्या केल्या की पुरे. कुठला क्युबिट आधी आणि कुठला नंतर याची धास्ती इथे नको, कारण कुठल्याही एका बाजूचं ट्रान्सपोज केलं तरी आयगेनव्हॅल्यू त्याच येतात.

दुरुस्त कोडने सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू आली +०.००२. अजूनही धनच, पण आता अगदी काठावर. "सर, मग संपलंच ना?" असं तिचं म्हणणं. खरं प्रकरण इथून सुरू झालं.

कुठला आकडा निर्णय करतो

मॅट्रिक्समध्ये मोठे घटक मोजकेच होते, बाकीचे गोंगाटाच्या मर्यादेत शून्य. कर्णावर ρ₀₀ = ०.५७६, |01⟩ आणि |10⟩ चे प्रत्येकी ०.२०, आणि ρ₁₁ = ०.०२४५. कर्णाबाहेर एकच घटक, |01⟩ आणि |10⟩ यांना जोडणारा; त्याला c म्हणू, c = ०.११४.

पार्शल ट्रान्सपोजमध्ये हा c आपली जागा सोडतो आणि |00⟩ व |11⟩ यांच्यामध्ये जाऊन बसतो. म्हणजे सगळा प्रश्न एका २×२ तुकड्यावर येतो, ज्याच्या कर्णावर ρ₀₀ आणि ρ₁₁ आहेत आणि बाहेर c. त्याचा निर्धारक ऋण झाला की झालं:

D = ρ₀₀ρ₁₁ − |c|² < 0

इतर घटक काहीही असोत, हा तुकडा ऋण झाला तर अवस्था एन्टँगल्ड हे नक्की. आणि आपल्यासारखे इतर घटक शून्य असतील तर उलटही खरं. आता तिच्या आकड्यांत पाहा: ρ₀₀ρ₁₁ = ०.०१४१ आणि |c|² = ०.०१३०. केवढासा फरक. आणि तो ठरवणारा घटक म्हणजे ρ₁₁, ज्याच्याकडे तोवर कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. थंडगार यंत्रात दोन्ही क्युबिट घसरत असताना |11⟩ मध्ये अडीच टक्के यावेतच कशाला? |Ψ+⟩ मधून |11⟩ कडे जायला ऊर्जा घ्यावी लागते, सोडावी नाही.

उत्तर बहुधा वाचनात होतं. यंत्र |0⟩ ला चुकून 1 म्हणून वाचतं. त्याच्या कॅलिब्रेशनमध्ये |0⟩ ला 1 वाचण्याची चूक ४% आणि |1⟩ ला 0 वाचण्याची ६% दिसत होती. एक क्युबिट 1 असताना दुसरा 4% वेळा खोटाच 1 वाचला, तर ०.३९ × ०.०४ एवढा, म्हणजे दीड टक्का खोटा ρ₁₁ इथेच जमा होतो.

समोरचे पर्याय

तीन वाटा होत्या, आणि प्रत्येकीचा वकील होता.

विद्यार्थिनीला वाटत होतं, कच्चा डेटा जसा आहे तसा ठेवावा. दुरुस्ती करून हवं ते उत्तर काढलं असं कुणी म्हणायला नको. हे म्हणणं मला मनापासून पटतं, पण कच्च्या डेटातून आलेली D धन असणं म्हणजे एन्टँगलमेंट नाही असं नव्हे. वाचनाची चूक गोंगाट मिसळते, आणि मिसळलेल्या अवस्थेत एन्टँगलमेंट दिसलं नाही तर आपण फक्त "दिसलं नाही" एवढंच म्हणू शकतो.

मॅडमचा कल होता वाचनाची दुरुस्ती करून मग मॅक्सिमम लाइकलीहूडने भौतिकदृष्ट्या वैध ρ काढण्याकडे. बहुतेक लोक हेच करतात, पॅकेजमध्ये तयार असतं.

तिसरी वाट म्हणजे दुरुस्ती करायची, पण पूर्ण ρ चा आग्रह सोडून D सरळ मोजायची. यासाठी पूर्ण टोमोग्राफीच्या नऊ सेटिंगपैकी मोजकीच लागतात: ZZ मधून ρ₀₀ आणि ρ₁₁, आणि ⟨XX⟩ + ⟨YY⟩ = 4 Re c या नात्यातून c. काल्पनिक भाग XY आणि YX यांच्या फरकातून. दोन क्युबिटच्या फ्रिक्वेन्सीत थोडा जरी मेळ चुकला तर थांबण्याच्या काळात c ची फेज फिरते, Re c शून्याजवळ येऊ शकतो आणि |c| जागच्या जागी असतो. म्हणून काल्पनिक भाग सोडून चालत नाही.

काय केलं, आणि मधले दोन निर्णय

आधी दुरुस्ती. वाचनाच्या चुकांची मॅट्रिक्स उलटवून लावल्यावर ρ₀₀ = ०.६०, |01⟩ आणि |10⟩ प्रत्येकी ०.१९५, ρ₁₁ = ०.०१० आणि c = ०.१४ असे आकडे आले. c वाढला कारण दोन्ही क्युबिटच्या वाचनचुका मिळून परस्परसंबंध ०.८१ पटीला दाबतात. आता ρ₀₀ρ₁₁ = ०.००६०, |c|² = ०.०१९६, D = −०.०१३६. सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू −०.०२१५, म्हणजे निगेटिव्हिटी ०.०२ च्या आसपास. फिडेलिटी ०.३४ आणि सीएचएसएच ०.७९, तिथे अजूनही काहीच दिसत नाही.

पहिला निर्णय: लाइकलीहूडचा ρ वापरायचा की नाही. मॅडमनी तो चालवून पाहिला आणि निगेटिव्हिटी ०.०२८ आली, जवळपास तीस टक्के जास्त. चांगली बातमी वाटावी अशीच. पण ρ₁₁ पाहिला तर तो ०.०१० वरून ०.००३ वर उतरला होता. कारण समजण्यासारखं आहे. सरळ उलटवून काढलेल्या ρ ची एक आयगेनव्हॅल्यू गोंगाटामुळे किंचित ऋण होती. वैधतेची अट घातली की ती शून्यावर येऊन अडकते, आणि आपल्या अवस्थेत ती दिशा जवळजवळ |11⟩ चीच होती. ρ₁₁ शून्याकडे ढकलला की ρ₀₀ρ₁₁ शून्याकडे जातो, आणि मग c कितीही लहान असला तरी D ऋण. म्हणजे जो अंदाज निर्णय करतो त्यालाच ही पद्धत एका बाजूला ढकलत होती.

हे पटवायला विद्यार्थिनीने एक उलटी चाचणी केली. कर्ण तोच ठेवला, c मात्र ०.०७ घेतला, ही अवस्था निश्चित विभक्त आहे, कारण ०.०७² = ०.००४९ आणि ते ०.००६० पेक्षा कमी. तिच्यावरून तेवढ्याच शॉटचा, म्हणजे तेवढ्याच वेळा केलेल्या मोजणीचा, खोटा डेटा तयार केला आणि तो त्याच पॅकेजमधून काढला. कितीतरी वेळा निगेटिव्हिटी शून्याच्या वर आली. विभक्त अवस्थेला एन्टँगल्ड म्हणणारी साखळी आपण स्वतःच बांधली होती. शिवाय निगेटिव्हिटी शून्याखाली कधी जातच नाही, म्हणून तिची सरासरी घेतली की ती आपोआप वरच सरकते. यावर तोडगा म्हणून अहवालात निगेटिव्हिटीऐवजी चिन्हासकट D आणि चिन्हासकट सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू द्यायची असं ठरलं, आणि त्या सरळ मोजायच्या. विभक्त अवस्थेच्या खोट्या डेटावर ही पद्धत शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरली, जशी पसरायला हवी.

अनिश्चिततेसाठी बूटस्ट्रॅप. प्रत्येक सेटिंगला ४००० शॉट होते. |c| आणि √(ρ₀₀ρ₁₁) यांतला फरक ०.०६३ आणि त्याची अनिश्चितता ०.०१३. यात c चा वाटा निम्म्याहून कमी, जास्तीचा ρ₁₁ चाच. ρ₁₁ लहान असला की त्याचं वर्गमूळ फार चंचल असतं.

दुसरा निर्णय बहिस्थ परीक्षकांनी घ्यायला लावला. तोंडी परीक्षेच्या आधीच्या वाचनात त्यांनी समासात एवढंच लिहिलं: "कॅलिब्रेशनमध्ये |00⟩ तयार केला, पण तो खरोखर |00⟩ होता का?" प्रश्न नेमका होता. क्युबिट सुरुवातीलाच थोडा गरम असेल, म्हणजे काही वेळा |1⟩ मध्ये असेल, तर कॅलिब्रेशन तो दोषही वाचनाच्या नावावर टाकतं. मग आपण ४% वजा करतो, जेव्हा वाचनाची खरी चूक कदाचित २-३% च असेल. जादा वजाबाकी म्हणजे ρ₁₁ हवा त्याहून लहान, आणि निकाल एन्टँगलमेंटच्या बाजूने झुकलेला.

याला उत्तर म्हणून विद्यार्थिनीने दुरुस्ती मुद्दाम कंजूष करून पाहिली: दोन्ही चुका निम्म्या धरल्या, २% आणि ३%. तेव्हा ρ₁₁ वाढून ०.०१७५ झाला आणि c घटून ०.१२६. √(ρ₀₀ρ₁₁) आला ०.१०१. फरक अजून धनच, ०.०२५, पण या नव्या आकड्यांच्या अनिश्चिततेच्या अडीच पट एवढाच. चिन्ह टिकलं, खात्री मात्र पातळ झाली.

निकाल

प्रबंधातलं "एन्टँगलमेंट संपलेलं आहे" हे वाक्य गेलं. त्याजागी असं आलं की वाचनाची पूर्ण दुरुस्ती धरली तर अवस्था एन्टँगल्ड आहे आणि निगेटिव्हिटी साधारण ०.०२, म्हणजे बेल अवस्थेच्या ०.५ च्या चार-पाच टक्के. दुरुस्ती निम्मीच खरी असेल तर पुरावा कमकुवत होतो. कच्च्या डेटावरून काहीच सांगता येत नाही. तिन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी. परीक्षकांनी हे मान्य केलं. माझ्या मते तो तक्ता त्या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे, आलेखापेक्षाही.

तोंडी परीक्षेत तिला आणखी एक विचारलं गेलं: ट्रान्समॉन या सुपरकंडक्टिंग क्युबिटला तिसरी ऊर्जापातळी असते, क्युबिट तिथे गळला तर? तिने बरोबर सांगितलं. एकाच क्युबिटची तिसरी पातळी धरली तर २×३, तिथे कसोटी अजून दोन्ही बाजूंनी चालते. दोघांची धरली तर ३×३, आणि तिथे पार्शल ट्रान्सपोज धन असूनही एन्टँगल्ड असलेल्या अवस्था आहेत. ऋण आलं तर निष्कर्ष तिथेही पक्का, धन आलं तर गप्प बसायचं.

वेगळं काय करता आलं असतं

शॉटची वाटणी. नऊ सेटिंगना सारखे शॉट देणं म्हणजे ज्या आकड्यावर सगळं अवलंबून आहे त्याला एक नवमांश देणं. D मोजायची हे आधी ठरलं असतं तर ZZ ला निदान चौपट शॉट देता आले असते आणि तिथली अनिश्चितता अर्धी झाली असती. XZ, ZX, YZ, ZY ही चार सेटिंग D मध्ये येतच नाहीत.

c ची फेज आधी ठरवायला हवी होती. |c| हा दोन मोजलेल्या भागांच्या वर्गांच्या बेरजेचं मूळ असल्यामुळे गोंगाट त्याला नेहमी थोडा वर ढकलतो, आणि तोही एन्टँगलमेंटच्या बाजूने. छोट्या थांब्यांच्या डेटावरून फेज किती वेगाने फिरते हे काढून, लांबच्या थांब्याला फक्त त्या दिशेचा भाग मोजला तर हा झुकाव राहत नाही. इथे c त्याच्या अनिश्चिततेच्या वीसेक पट होता म्हणून फरक पडला नाही. c लहान असता तर पडला असता.

आणि परीक्षकांचा प्रश्न. |00⟩ तयार करण्याआधी एकदा मोजून, 0 आलेलेच शॉट ठेवून कॅलिब्रेशन केलं असतं तर सुरुवातीची उष्णता आणि वाचनाची चूक बरीच वेगळी करता आली असती. यंत्रावर मध्येच मोजण्याची सोय होती. पुढच्या बॅचच्या मुलाने तेच घेतलंय, आणि त्याचं पहिलं काम ZZ च्या शॉटचं बजेट काढणं हे आहे.